संगीत कुठे थांबतं

आमची फिल्म एकोणीस मिनिटांची. रायपूरच्या तात्यापारातल्या एका जुन्या घरात दोन बहिणी वडिलांच्या पश्चात सामान आवरताहेत. थोरली इथेच राहिली, धाकटी पुण्याला गेली. सकाळ, दुपार, रात्र आणि मग स्टेशन, एवढाच पसारा. संकलन पक्कं झालं, आता एक फ्रेमही हलणार नाही असं सगळ्यांनी एकमेकांना बजावून झालं, आणि संगीतकारासाठी टिपणं लिहायची पाळी माझ्यावर आली. या कामाला आमच्यात स्पॉटिंग म्हणतात. दिग्दर्शक, संकलक आणि संगीतकार एकत्र बसून फिल्म बघतात आणि संगीत कुठे शिरेल, कुठे बाहेर पडेल, हे ठरवतात. जे ठरलं ते कागदावर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या फिल्म असतात.

आमचा संगीतकार मूळचा राजनांदगावचा, खैरागढच्या संगीत विश्वविद्यालयात शिकलेला, आता भिलाईला घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंग करतो. आम्ही चौबे कॉलनीत संकलकाच्या खोलीवर जमलो. तो आला आणि पहिलंच बोलला, "ताई, टेंप काढून टाका." संकलन करताना लय सापडावी म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी फिल्मचं संगीत तात्पुरतं लावून ठेवतात, ते टेंप. आमच्या संकलकाने दोन ठिकाणी बासरीचा एक तुकडा घातला होता आणि महिनाभर तो ऐकून आम्हाला त्याची सवय झाली होती. त्या सवयीत मोठा धोका असतो. मग संगीतकाराने काहीही आणलं तरी ते 'त्या'सारखं वाटत नाही एवढंच जाणवत राहतं. आम्ही टेंप बंद केलं आणि फिल्म एकदा सलग, मध्ये न थांबता, उघडीबोडकी बघितली.

मी नाटकातून आले. महाराष्ट्र मंडळाच्या एकांकिकांत काम करतच इथली आमची पिढी वाढली, आणि तिथली पार्श्वसंगीताची शिस्त अगदी ठरलेली: दिवे मंदावले की संगीत वर, ब्लॅकआउटमध्ये संगीत, दिवे आले की संगीत खाली. शिवाय कुणी रडलं की व्हायोलिन. अंधारात नेपथ्य हलवण्याचा आवाज झाकायचा असतो, त्यामुळे त्या शिस्तीला कारण आहे. ('घाशीराम कोतवाल'सारख्या नाटकात भास्कर चंदावरकरांचं संगीत रंगमंचावर उभंच असतं, त्याची गोष्ट निराळी. तिथे संगीत आत येत नाही, ते नाटकातच राहतं.) फिल्ममध्ये झाकायला काही नसतं. एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाताना कट पुरतो. तरी माझा हात अजून तिकडे जातो, आणि दृश्याच्या शेवटी संगीत सुरू करावंसं वाटतं. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. कुठल्याही संगीताच्या तुकड्यासाठी मी आधी ते कुठे संपणार ते लिहिते. संपण्याची जागा सापडली नाही, तर तो तुकडा बहुधा नकोच असतो.

शिरण्याबद्दल सगळेच उत्साहाने बोलतात. "इथे तिच्या डोळ्यांत पाणी येतं, इथून सुरू करू." मग ते सुरू झालेलं संगीत जाणार कुठे? पुढच्या संवादाखाली फरपटत जातं, कुठे तरी हळूहळू विरतं, आणि विरताना प्रेक्षकाला सांगून जातं की महत्त्वाचं होतं ते झालं, आता साधं चालू. पुढच्या ओळीला ते मारून टाकतं. म्हणून टिपणात मी प्रत्येक तुकड्यासाठी चार गोष्टी लिहिते: कुठे बाहेर, कसं बाहेर, कुठे आत आणि का. रागाचं नाव लिहीत नाही, वाद्याचं नाव लिहीत नाही, 'करुण' असं तर अजिबात लिहीत नाही. बहीण त्या क्षणी काय लपवते आहे हे लिहिते. करुण कसं करायचं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

रायपुरात फिल्मची गोष्ट निघाली की कुणी तरी 'सद्गती'चं नाव काढतंच. सत्यजित राय यांनी 1981 मध्ये दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर केलेली ती फिल्म याच छत्तीसगढच्या गावांत चित्रित झाली. ओम पुरी, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे त्यात आहेत. तिथे दिग्दर्शक आणि संगीतकार एकच माणूस. 1955 च्या 'पथेर पांचाली'चं संगीत रविशंकरांनी एका रात्रभराच्या बैठकीत रेकॉर्ड केलं होतं. पण 1961 च्या 'तीन कन्या'पासून राय स्वतःच्या फिल्मचं संगीत स्वतः करू लागले. त्यांच्या लाल वह्यांत चित्रं, संवाद आणि स्वरलेखन शेजारीशेजारी असे. 'इथे का' हे त्यांना कुणाला समजावून सांगावं लागत नसे. आमच्यासारख्यांना मात्र ते शब्दांत सांगावंच लागतं, कारण 'का' कळलं नाही तर संगीतकार फक्त वेळ भरून देतो. 'सद्गती' बघताना लाकडाच्या ओंडक्यावर पडणाऱ्या कुऱ्हाडीकडे कान द्या, असं मी आमच्या संकलकाला सांगितलं होतं. जिथे तो आवाज आहे तिथे आणखी कशाची जागा आहे का, हे आपल्या फिल्ममध्येही विचारायचं होतं.

आमच्याकडे कुऱ्हाड नव्हती, कूलर होता.

दुपारचा प्रसंग मे महिन्यातला. शूटिंगच्या वेळी कूलर बंदच ठेवला होता, नाही तर संवादच ऐकू आले नसते. दोघी नट्या घामाने निथळत होत्या. कूलरचा आवाज ध्वनिमुद्रकाने संध्याकाळी वेगळा घेतला, चालू होतानाचा, चालू असतानाचा आणि बंद होतानाचा, आणि संकलनात तो संवादांखाली घातला. त्यामुळे संवाद एका पट्टीवर, कूलर दुसऱ्या पट्टीवर, हवा तसा वरखाली करता येईल असा. या प्रसंगात धाकटीच्या हाती वडिलांचं पोस्टाचं पासबुक लागतं. तिच्या शिक्षणाचे पैसे वडिलांनी नव्हे, थोरलीने भरले होते, हे तिला त्यातून कळत जातं. ती काही बोलत नाही. दोघी भांड्यांबद्दल बोलत राहतात, कोणती विकायची, कोणती ठेवायची. आणि लाईट जाते.

नाटकातल्या माझ्या सवयीने सांगितलं: लाईट गेली की संगीत आण. तीच जागा आम्ही बाहेर पडण्याची ठरवली. टिपण असं होतं:

"एम-१. बाहेर: ०१:०७:४१:१२, लाईट जाते त्याच फ्रेमवर. तुटून. आत: पासबुकाचं दुसरं पान उलटतं त्याच्या सुमारास, ०१:०६:५२:००, पण आत आल्याचं कळता कामा नये. का: धाकटीला जे कळतंय ते ती थोरलीपासून लपवते आहे. प्रेक्षकालाही संगीत होतं हे ते गेल्यावरच कळावं."

टाइमकोड असे वाचायचे: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. फिल्मची सुरुवात शून्यावर न ठेवता एक तासावर ठेवतात, म्हणून सुरुवातीला ०१ दिसतो. आमची फिल्म सेकंदाला 25 फ्रेमची, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. एम-१ ची लांबी एकोणपन्नास सेकंद आणि बारा फ्रेम.

संगीतकाराने टिपण वाचलं, कूलरची पट्टी मागून घेतली आणि दोन दिवसांनी फोन केला. म्हणाला, "ताई, कूलर पांढरी पाचमध्ये नाहीये." मला वाटलं थट्टा करतोय. त्याने समजावलं ते असं. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. मोटारीची जी खर्जातली गुणगुण असते, ती त्याच्या दुप्पट, सुमारे 100 हर्ट्झवर बसते. पेटीवरची खालची पांढरी पाच 98 च्या आसपास आणि तिच्या शेजारची काळी चार 104 च्या जवळ. म्हणजे कूलर दोन पट्ट्यांच्या मध्येच, पांढरी पाचच्या किंचित वर गुणगुणतो. त्याच्याशी पांढरी पाचचा सूर लावला तर सेकंदाला साधारण दोन वेळा डुगडुग ऐकू येते. दोन तानपुरे किंचित बेसूर लागले की येते तशीच. प्रेक्षकाला कारण कळणार नाही, पण खोलीत काही तरी खुपतंय एवढं नक्की जाणवेल आणि तेवढ्याने संगीत उघडं पडेल.

दोन मार्ग होते. कूलरची पट्टी थोडी खाली ओढायची, किंवा संगीत वर उचलायचं. त्याने संगीत उचललं. शहरातल्या घरांत पंखे, फ्रीज, ट्यूबलाईटचे चोक हे सगळे त्याच विजेवर गुणगुणतात. मग सगळ्या फिल्मचं संगीतच या मधल्या पट्टीत ठेवलं तर ते घरातून आल्यासारखं वाटेल, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. हे माझ्या टिपणात कुठेच नव्हतं आणि असायलाही नको होतं.

वाद्य त्याने बांस घेतलं. छत्तीसगढचे राऊत ज्याच्या साथीने रात्र रात्र कथा गातात, ते हातभराहून लांब बांबूचं वाद्य. मी आधी दचकले. छत्तीसगढी फिल्म म्हटली की कुठल्याही प्रसंगाला लोकवाद्य चिकटवायचं, याचा मला वीट आला आहे, आणि आमच्या फिल्ममधलं घर मराठी. पण त्याने बांसाची धून वाजवली नव्हती. सूर कमी आणि फुंकर जास्त, असा एकच लांब स्वर होता. ती फुंकर कूलरच्या वाऱ्यात मिसळून जात होती. आत शिरल्याचं कळू नये ही अट त्या फुंकरीनेच पाळली. मी मान्य केलं.

बाहेर पडणं मात्र पहिल्या खेपेला चुकीचं वाटत होतं. लाईट गेल्याच्या फ्रेमवर संगीत तुटलं की ते जाणूनबुजून तोडल्यासारखं न वाटता मशीन बिघडल्यासारखं वाटे. आम्ही तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. कारण शेवटी ध्वनिमुद्रकाने घेतलेल्या खऱ्या कूलरच्या आवाजात सापडलं. वीज जाते तेव्हा कूलर एकदम गप्प होत नाही. मोटारीची गुणगुण त्याच क्षणी जाते, पण पंख्याची पाती फिरत राहतात आणि वाऱ्याचा आवाज सहा-सात सेकंदांत खाली येत येत थांबतो. आमच्या फिल्ममध्ये पाती ०१:०७:४८:०० ला थांबतात. म्हणजे शांतता दोनदा येते, एकदा खर्जाची आणि मग वाऱ्याची. संगीतकाराने आपलं संगीतही तसंच दोन भागांत वेगळं केलं. खालचा सूर लाईटबरोबर त्याच फ्रेमवर जातो, आणि फुंकर पात्यांबरोबर साडेसहा सेकंदांत ओसरते. तेव्हा कुठे तुटणं घरातलं वाटलं. त्यानंतर थोरली म्हणते, "गेली लाईट," आणि ती साधी ओळ त्या रिकाम्या खोलीत एवढी मोठी होते की धाकटी पासबुक मिटते.

इथे एक अडचण राहिली होती, ती संकलकाने दाखवली. त्याने तोच भाग मोबाईलवर लावला. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून 100 हर्ट्झचा सूर जवळपास ऐकूच येत नाही. मग जे गेलं ते होतं हेच कळलं नाही. आणि शॉर्ट फिल्म बहुतेक लोक मोबाईलवरच बघतात. संगीतकाराने त्याच सुराच्या वरच्या सप्तकातला एक अगदी बारीक थर घातला, सभागृहात वेगळा ऐकू न येणारा पण फोनवर पोचणारा. तरीही मोबाईलवर हा प्रसंग अर्धाच लागतो. हे मान्य करून आम्ही पुढे गेलो.

दुसरा तुकडा रात्रीचा. थोरली म्हणते, "तू गेलीस ना, त्यानंतर कितीतरी रात्री बाबांनी दाराला कडी लावली नाही." धाकटी बसून राहते, मग उठते, दाराशी जाते आणि कडी लावते. पहिल्या बैठकीत खोलीतल्या सगळ्यांनी एकच जागा दाखवली: ओळ संपली की संगीत. ती जागा इतकी उघड होती की तिचा संशय यायला हवा. ओळ संपल्यावर लगेच संगीत आलं की ते नटीच्या वतीने उत्तर देतं. नटी तिथे चौदा सेकंद काहीच करत नाही, आणि ते काही न करणं तिने फार चांगलं केलं आहे. संगीत लावून पाहिलं तेव्हा गंमत अशी झाली की तेच चौदा सेकंद छोटे वाटू लागले. चित्र तेवढंच होतं, पण आता ती विचार करत नसून संगीत संपायची वाट बघते आहे असं दिसत होतं. माझी एक साधी परीक्षा आहे. संगीत लावलं आणि नटाची थांबण्याची जागा आखूड वाटू लागली, तर संगीत लवकर आलं.

मग संपण्याची जागा शोधली. कडी बसते ०१:१२:०८:०० ला. लोखंडाचा एकच स्वच्छ आवाज आहे. तिथे संगीत संपवावं, कडी हाच शेवटचा ठोका व्हावा, असं संगीतकाराला वाटत होतं. ते छान झालंही असतं. पण मला कडी संगीताच्या बाहेर हवी होती. संगीताला मिळालेली कडी प्रसंगावरचा पूर्णविराम होते. नुसती कडी ऐकली की प्रश्न उरतो, ही आता राहणार आहे की बाबांची सवय मोडते आहे? शिवाय शेवटच्या प्रसंगात या कडीचं काम होतं. मी लिहिलं:

"एम-२. बाहेर: ०१:१२:०४:००, तिचा हात कडीपर्यंत पोचण्याआधी. विरून, पण शेपटी लांब नको. कडीच्या आधी चार सेकंद काहीही नको. आत: ०१:११:४९:०५, ती उठून पाठमोरी होते तेव्हा. चेहरा दिसत असताना नको. का: चेहरा होता तोवर आपण तिला वाचत होतो. आता वाचता येत नाही, तेवढ्यापुरतं संगीत हवं."

पंधरा सेकंदांना पाच फ्रेम कमी. संगीतकार म्हणाला, "एवढ्यात काय वाजवू?" मी म्हटलं, "एक श्वास." त्याने खरंच बांसाचा एकच श्वास दिला. दुपारचाच सूर, पण या वेळी खालचा खर्ज नव्हता, कारण रात्री कूलर बंद आहे. ताल नाही, त्यामुळे कुठला ठोका कुठल्या फ्रेमवर हा हिशेबच आला नाही. ताल असता तर तो करावा लागला असता. मिनिटाला बहात्तर मात्रांची लय धरली तर एक मात्रा साधारण एकवीस फ्रेमची होते, आणि पावलांच्या आवाजाशी ती भांडू लागते. घरात चालणाऱ्या माणसाखाली ताल घालणं मी टाळते.

याच सुमारास पक्कं झालेलं संकलन हललं. सकाळच्या प्रसंगात भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका कंपनीचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. तो शॉट सुरुवातीला अकरा फ्रेमनी कापला. अकरा फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी, बघणाऱ्याला काहीच कळणार नाही. पण संगीताचे सगळे तुकडे त्याच्या नंतरचे होते. एम-२ अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तरी खपला असता. एम-१ खपला नसता, लाईट आधी आणि सूर नंतर जाताना सरळ ऐकू आलं असतं. म्हणून संगीतकाराला नवी फिल्म पाठवताना सोबत एकच ओळ पाठवली: ०१:०२:१७:०० पासून अकरा फ्रेम कमी, पुढचं सगळं तेवढंच अलीकडे. एम-१ ची बाहेर पडण्याची जागा ०१:०७:४१:०१ झाली. फिल्म सुरू होण्याआधी बरोबर दोन सेकंदांवर एका फ्रेमचा टूं असा आवाज आणि चित्रात तेवढीच एक खूण ठेवतात. दोन्ही एकत्र पडले की त्याच्याकडची आणि आपल्याकडची फिल्म जुळली. हे न बघता नवीन फाइल उघडणारे लोक मला ठाऊक आहेत, आणि त्यांचे मिक्सिंगचे दिवस कसे जातात तेही.

तिसरा तुकडा सगळ्यात त्रासाचा. धाकटी आझाद हिंदने पुण्याला परत जाते. थोरली तिला सोडून रिक्षाने घरी येते, दार लावते आणि कडी लावत नाही. एवढंच. तिथे फिल्म संपते. म्हणजे प्रेक्षकाला न झालेला आवाज ऐकू यायला हवा. हे लिहायला सोपं आहे. पण न झालेला आवाज ऐकू येण्यासाठी कानाला त्याची अपेक्षा असावी लागते, आणि आजूबाजूला त्याची जागा घेणारं काहीच नसावं लागतं. रात्री कडीचा आवाज आम्ही संगीताबाहेर ठेवला तो यासाठीच.

पहिल्या मसुद्यात संगीत स्टेशनपासून घरापर्यंत होतं. सुंदर होतं, आणि निरुपयोगी. कडी लागली नाही हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं, कारण तिच्या जागी सूर होता. मग बाहेर पडण्याची जागा मागे मागे सरकवत नेली. दार लागण्याच्या तीन सेकंद आधी संगीत थांबवलं तर त्याचं थांबणंच ठळक होई आणि लक्ष त्यातच अडके. संगीत गेल्यावर कानाला खोलीत परतायला वेळ लागतो. आपल्याला खोली ऐकू येऊ लागते ती थोड्या वेळाने, हळूहळू. नऊ सेकंद ठेवले तेव्हा दाराचा आवाज तरी स्वच्छ ऐकू आला. शेवटी आम्ही संगीत घरी आणलंच नाही. टिपणात लिहिलं: "एम-३. बाहेर: रिक्षा जयस्तंभ चौक ओलांडते तेव्हा, इंजिनाच्या आवाजात. घर, गल्ली, पायऱ्या, दार यांत काही नाही."

आत शिरण्याची जागा ठरवताना स्टेशनच्या घोषणेने डोकं खाल्लं. घोषणेआधी वाजणारी टुंगटुंग आमच्या चित्रीकरणात पक्की बसली होती आणि तिचे सूर आमच्या मधल्या पट्टीशी अजिबात जमत नव्हते. ती काढली तर स्टेशन स्टेशन वाटेना. म्हणून संगीत घोषणा पूर्ण संपून रिक्षा सुरू झाल्यावर, इंजिनाखालून आलं. गाडी सुटताना काहीच नाही. संगीतकाराला हे कठीण गेलं, बहीण जाते त्या क्षणी संगीत नाही म्हणजे काय? मी त्याला म्हटलं, तू तो शॉट आवाज बंद करून बघ. थोरली हात हलवत नाही, पर्स सावरत उभी राहते. ते दिसतं. आणखी काही लावलं की ती हात हलवत असल्यासारखी वाटते.

श्रेयनामावलीवर आमचं भांडण झालं. अडतीस सेकंद नावं आहेत आणि त्याला तिथे संगीत हवं होतं, आपलं नाव शांततेत येतंय हे त्याला जरा अवघड वाटलं असावं. मी पहिले बारा सेकंद खोलीचाच आवाज ठेवून मग संगीताला जागा दिली. त्यात त्याने दुपारचा खर्ज प्रथमच उघडा वाजवला, आणि ते फिल्मच्या आतल्यापेक्षा चांगलं आहे असं आमच्या संकलकाचं मत आहे.

मिक्सिंगच्या आधी चार ओळखीच्यांना फिल्म दाखवली, गोष्ट माहीत नसलेल्यांना. संपल्यावर शेवटी काय झालं ते विचारलं. दोघींना कडी कळली. दोघांना नाही. त्यातल्या एकाला थोरली दमून झोपायला गेली असं वाटलं. संगीतकार लगेच म्हणाला, "एम-३ अजून अलीकडे संपवू, किंवा काढूनच टाकू." मी तयार होते. पण ध्वनिमिश्रण करणाऱ्याने एम-३ ला हात लावला नाही. त्याने रात्रीचा प्रसंग उघडला, आणि तिथली कडी तीन डेसिबलने वर उचलली.